आठ पदार्थांचा मेनू: काय ठेवलं, कशाचा भाव वाढवला, काय काढलं

मध्यम आकाराच्या एका रेस्टॉरंटच्या मुख्य जेवणाच्या यादीचं हे प्रकरण आहे. यादीत आठ पदार्थ होते आणि मालक व मॅनेजर यांच्यात एकाच प्रश्नावर वाद चालला होता: स्टू काढायचा का? मॅनेजरचं म्हणणं सरळ होतं. मटण स्टूची फूड कॉस्ट, म्हणजे भावातला मालाच्या खर्चाचा वाटा, ४६ टक्के आणि टोमॅटो पास्त्याची २२ टक्के. म्हणजे स्टू बंद करावा आणि पास्ता पुढे करावा. हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की बहुतेक ठिकाणी चर्चा इथेच संपते आणि चुकीचा पदार्थ मेनूवरून जातो.

खालचे सगळे आकडे चलनाचं नाव न लिहिता दिले आहेत. कोणत्याही चलनात वाचले तरी हिशोब तोच राहतो. भाव कर वगळून आहेत.

टक्के बँकेत जमा होत नाहीत

स्टूचा भाव ५६०, त्यातल्या मालाचा खर्च २६०. एका प्लेटमागे हातात राहतात ३००. पास्त्याचा भाव २८०, खर्च ६२, हातात राहतात २१८. भाडं, पगार, गॅस आणि वीज या उरलेल्या पैशातून निघतं, टक्क्यांतून नाही. आज स्टू मागवणाऱ्या दहा गिऱ्हाइकांना वळवून पास्ता खायला लावला, तर फूड कॉस्टचा टक्का छान खाली येईल आणि गल्ल्यात ८२० कमी पडतील.

विक्रीच्या भावातून मालाचा खर्च वजा केल्यावर जे उरतं त्याला इथे मार्जिन म्हटलं आहे. मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या मेनू इंजिनिअरिंगच्या पद्धतीचा पाया हाच आहे. प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारायचे: तो किती खपतो आणि एका प्लेटमागे किती देतो? दोन्ही बाजूंनी वरचा असेल तो स्टार. खपतो भरपूर पण देतो कमी, त्याला मूळ इंग्रजीत नांगराचा घोडा म्हणतात. मराठीत नांगराला बैलच शोभतो, म्हणून बैल. देतो चांगलं पण कोणी मागवत नाही, ते कोडं. दोन्हीकडे खाली असलेल्याला मूळ नाव कुत्रा आहे, पण आपण त्याला पडेल म्हणू.

मात्र या चार गटांचे चार चौकोन काढायला बसण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात: खर्चाचे आकडे आणि विक्रीचे आकडे. या प्रकरणात दोन्ही चुकलेले होते.

रेसिपी कार्ड खोटं बोलत होतं

रेसिपी कार्डांवर लिहिलेल्या एका प्लेटच्या खर्चाला २८ दिवसांच्या विक्रीने गुणलं तर मालाचा एकूण खर्च २,०७,५४० यायला हवा होता. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा असा हिशोब केला तेव्हा मुख्य जेवणाला प्रत्यक्षात २,३१,००० चा माल लागल्याचं दिसलं. फरक २३,४६०, म्हणजे विक्रीच्या जवळजवळ ४ टक्के. एवढी दरी दिसली की चोरीचा संशय घेण्याआधी कार्ड उघडावं. बहुतेक वेळा चोर कार्डातच सापडतो.

पहिली चूक माशात होती. रेस्टॉरंट अख्खा मासा ५०० च्या दराने घेत होतं आणि प्लेटमध्ये १८० ग्रॅमचा फिले जात होता. डोकं, काटा आणि कातडी गेल्यावर ६० टक्के मांस हाती येतं असं कार्डात धरलेलं. त्या हिशोबाने एका प्लेटला ३०० ग्रॅम मासा, म्हणजे १५० चा खर्च. खात्री करायला पाच किलो मासा वजन करून साफ केला. फिले निघाला २.४ किलो, म्हणजे ४८ टक्के. आता एका प्लेटला ३७५ ग्रॅम मासा लागतो आणि खर्च १८७.५ होतो. सगळे जिन्नस धरून माशाच्या प्लेटचा खर्च कार्डात १९७ होता, तो २३५ निघाला.

दुसरी चूक कोळंबीत. गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा थर असतो आणि अनेकदा तो वजनात धरून विकला जातो. इथे थर २० टक्के होता. नूडल्समध्ये १२० ग्रॅम कोळंबी जायची आणि कार्डात तेवढ्याच वजनाचे पैसे लावलेले होते. पण १२० ग्रॅम हाती यायला १५० ग्रॅम विकत घ्यावी लागते. ८०० च्या दराने प्लेटमागे २४ वाढले. हे तपासायला काही विशेष लागत नाही. एक पाकीट वजन करायचं, चाळणीत ठेवून पूर्ण वितळवायचं, पाणी निथळू द्यायचं आणि परत वजन करायचं.

तिसरी चूक बर्गरमध्ये, आणि ही सगळीकडे सापडते. पाव, पॅटी, चीज आणि फ्राइज कार्डावर होते. फ्राइज तळायचं तेल नव्हतं, सोबत जाणारे तीन सॉस नव्हते आणि पावाला लावायचं लोणीही नव्हतं. तेलाचा हिशोब प्लेटमागे मोजून होत नाही, म्हणून महिन्याभरात कढईत ओतलेल्या तेलाच्या पैशाला फ्राइजच्या प्लेटींनी भागलं. तेलाचे ९, सॉसचे १२ आणि लोण्याचे ३ आले. बर्गर ९६ चा नव्हताच, तो १२० चा होता.

या तीन दुरुस्त्यांनी कार्डांवरचा एकूण खर्च २,२४,८०० झाला आणि दरी ६,२०० वर आली. त्यातलेही ३,६४० कुठे गेले ते नंतर कळलं.

विक्रीचा आकडाही गाळून घ्यावा लागतो

बिलिंगच्या मशीनमधून आलेल्या यादीतून कर्मचाऱ्यांचं जेवण, रद्द झालेल्या ऑर्डरी आणि फुकट दिलेल्या प्लेटी आधी काढल्या. स्टार्टर आणि पेयंही बाजूला ठेवली, कारण सूपची तुलना स्टूशी करून काही हाती लागत नाही. गिऱ्हाईक एकाच्या जागी दुसरं म्हणून जे निवडतं तेच एका यादीत बसवावं. शेवटी हे चित्र उरलं:

| पदार्थ | भाव | खर्च | मार्जिन | २८ दिवसांची विक्री | एकूण मार्जिन |
|---|---|---|---|---|---|
| चीज बर्गर | ३०० | १२० | १८० | ३८० | ६८,४०० |
| ग्रिल्ड चिकन | ४२० | १५० | २७० | ३३० | ८९,१०० |
| टोमॅटो पास्ता | २८० | ६२ | २१८ | ३०० | ६५,४०० |
| माशाचा फिले | ५२० | २३५ | २८५ | १७० | ४८,४५० |
| भाज्यांचा लझान्या | ३४० | १२५ | २१५ | १५० | ३२,२५० |
| मटण स्टू | ५६० | २६० | ३०० | ११० | ३३,००० |
| मश्रूम रिसोटो | ३८० | १०५ | २७५ | ९० | २४,७५० |
| कोळंबी नूडल्स | ४०० | २०५ | १९५ | ७० | १३,६५० |
| एकूण | | | | १,६०० | ३,७५,००० |

मार्जिनची रेघ ३,७५,००० भागिले १,६००, म्हणजे २३४.४ वर पडते. इथे एक चूक हमखास होते: आठ मार्जिन्सची साधी सरासरी काढली जाते. ती २४२.३ येते. त्यात ७० प्लेटींच्या नूडल्सना ३८० प्लेटींच्या बर्गरइतकंच वजन मिळतं, म्हणून ती वापरू नये. या यादीत दोन्ही रेघांनी निकाल बदलत नाही, पण पदार्थ सरासरीच्या आसपास दाटीने असले की बदलतो.

खपाच्या रेघेसाठी कासावाना-स्मिथ यांचा ७० टक्क्यांचा नियम घेतला. आठ पदार्थ सारखे खपले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला २०० प्लेटी आल्या असत्या. त्याच्या ७० टक्के म्हणजे १४०. त्याहून जास्त खपला तर लोकप्रिय, कमी तर नाही. ७० हा आकडा कुठल्या निसर्गनियमातून आलेला नाही. तो सोयीचा आहे, इतकंच. रेघेपासून दहा-पंधरा प्लेटी इकडेतिकडे असलेल्या पदार्थाचा फैसला त्यावरून करू नये.

या रेघांनी चिकन आणि मासा स्टार ठरले. बर्गर, पास्ता आणि लझान्या बैल. स्टू आणि रिसोटो कोडी. कोळंबी नूडल्स पडेल. जो स्टू मेनूवरून जाणार होता त्याचं मार्जिन यादीत सगळ्यात जास्त निघालं.

रिसोटो: कोडं नव्हतंच

रिसोटोच्या ९० प्लेटी पाहून कोणीही म्हणेल की याची जाहिरात करा. पण दिवसवार विक्री काढल्यावर दिसलं की २८ पैकी १० दिवस रिसोटो एकही गेला नव्हता आणि उरलेल्या १८ दिवसांत रोज सरासरी पाच गेले होते. तो फक्त एका आचाऱ्याला जमायचा. त्याची सुट्टी किंवा सकाळची पाळी असली की वेटर 'आज नाही' म्हणायचे. पाच गुणिले २८ म्हणजे १४०, बरोबर रेघेवर. न मिळालेल्या दिवशी त्या गिऱ्हाइकांनी दुसरं काहीतरी खाल्लंच असेल, त्यामुळे ५० प्लेटींचं सगळं मार्जिन बुडालं असं म्हणता येत नाही. पण पदार्थ नावडता नव्हता, हे नक्की झालं.

उपाय त्यामुळे मेनूच्या कागदावर नव्हता, स्वयंपाकघरात होता. तांदूळ दुपारी पाऊण शिजवून घ्यायचा, रुंद उथळ ट्रेमध्ये पातळ थर पसरून लगेच थंड करून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि ऑर्डर आल्यावर गरम रस, मश्रूम, लोणी आणि चीज घालून सहा-सात मिनिटांत पुरा करायचा. हे काम दुसऱ्या आचाऱ्यालाही जमतं. घाई नडते ती थंड करण्यात. शिजलेला भात खोल पातेल्यात तसाच ओट्यावर राहिला तर मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो, आणि पोट बिघडवणारा बॅसिलस सिरियस हा जिवाणू अशाच ठिकाणी वाढतो. त्याने तयार केलेलं विष नंतर गरम केल्याने जात नाही. म्हणून उथळ ट्रेबद्दल तडजोड नाही, आणि उरलेला भात दुसऱ्या दिवशी वापरायचा नाही असंही ठरलं.

स्टू आणि ग्रिलची रांग

खरं कोडं स्टू होता. तो यादीत सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त भावाने आणि नुसतं 'मटण स्टू' एवढ्याच शब्दांत छापलेला. वेटरांकडून आणखी एक गोष्ट कळली: गिऱ्हाईक विचारायचं की याला वेळ लागेल ना? वेटर अंदाजाने 'हो, थोडा' म्हणायचा. प्रत्यक्षात स्टू सकाळीच शिजलेला असतो आणि चार मिनिटांत गरम होऊन बाहेर येतो. अख्ख्या यादीत तो सगळ्यात लवकर मिळणारा पदार्थ होता.

प्रचारासाठी स्टूच का निवडला आणि मासा का नाही, याचं कारण चार चौकोनांत दिसत नाही. मासा, चिकन आणि बर्गर एकाच ग्रिलवर होतात. ग्रिलवर एका वेळी सहा नग मावतात. चिकनला १४ मिनिटं, माशाला ९ आणि बर्गरला ८. संध्याकाळच्या दोन तासांच्या गर्दीत ग्रिलची जागा संपते आणि रांग लागते. अशा वेळी खरी टंचाई ग्रिलच्या मिनिटांची असते. चिकन मिनिटाला १९ देतं, बर्गर २२.५ आणि मासा जवळजवळ ३२. म्हणजे सगळ्यांचा लाडका स्टार असलेलं चिकन गर्दीच्या वेळी ग्रिलचा सगळ्यात स्वस्त भाडेकरू आहे. ते काढायचं नाही, पण गर्दीत त्याचा आणखी प्रचारही करायचा नाही. स्टू ग्रिलला हातच लावत नाही, त्यामुळे स्टूकडे वळलेलं प्रत्येक गिऱ्हाईक ३०० देतं आणि वर एक जागा मोकळी करतं.

बदल साधे केले. स्टू यादीत पहिला आणला. खाली एक ओळ लिहिली: मटण किती तास शिजलं आहे आणि सोबत काय येतं. वेटरांना एकच वाक्य दिलं, 'स्टू लगेच मिळेल'. भाव बदलला नाही. मेनूच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर नजर आधी जाते असं या धंद्यात ठासून सांगतात, पण २०१२ मध्ये डोळ्यांच्या हालचाली मोजून केलेल्या अभ्यासात लोक मेनू पुस्तकासारखा क्रमाने वाचताना दिसले. कोपऱ्यांपेक्षा यादीतल्या पहिल्या जागेवर भरवसा ठेवलेला बरा.

उरलेल्या दरीतले ३,६४० इथेच सापडले. स्टू बारा प्लेटींच्या घाण्याने शिजतो आणि तीन दिवस टिकतो. दिवसाला चारच जात असल्याने शेवटच्या प्लेटी कधीकधी फेकाव्या लागायच्या. चार आठवड्यांत १४ गेल्या. तो तोटा विकलेल्या प्लेटींवर लावला तर स्टूचं मार्जिन ३०० वरून २६७ वर येतं. तरीही ते सरासरीच्या वरच आहे, आणि खप वाढला की हा तोटा आपोआप घटतो.

बैलांचं ओझं

बर्गर जास्त खपतो आणि कमी देतो, म्हणजे भाव वाढवा, असं पुस्तक सांगतं. आधी किती गिऱ्हाइकं गमवायची ऐपत आहे ते काढावं. भाववाढ भागिले नवीन मार्जिन, एवढंच सूत्र आहे. बर्गर ३२० केला तर २० भागिले २००, म्हणजे १० टक्के. ३८० पैकी ३८ गेले तरी बरोबरी, त्याहून जास्त गेले तर तोटा. ५ टक्के गेले तर ३,८०० ची वाढ होते.

दुसरा रस्ता प्लेटमध्ये होता. परत आलेल्या चाळीस बर्गर प्लेटींवरचं उरलेलं अन्न वजन केलं. फ्राइज सरासरी ४५ ग्रॅम परत येत होते. १८० ग्रॅमचा पोर्शन १४० केला आणि तळणीच्या तेलासकट ६ वाचले. तीन सॉस सरसकट न देता विचारून द्यायला सुरुवात केली. अंदाजे निम्म्या लोकांनी मागितले आणि आणखी ६ वाचले. मार्जिन १९२ झालं. ३८० प्लेटींवर ही बचत ४,५६० होते, म्हणजे भाव वाढवून पाच टक्के गिऱ्हाईक गमावण्यापेक्षा जास्त, आणि छापील मेनूत एक आकडाही बदलावा लागला नाही. दोन्ही उपाय एकदम केले नाहीत. वाढलेला भाव आणि घटलेली प्लेट गिऱ्हाइकाला एकाच दिवशी दिसली तर ते चिडतं, आणि विक्री घटली तर कारण कोणतं हे कोणालाच कळत नाही.

परत न येणारी गोष्ट कमी करू नये, हेही इथे सांगायला हवं. पॅटी १५० ग्रॅमची १३० करायची सूचना आली होती. पण पॅटी एकाही प्लेटीतून परत आली नव्हती, म्हणून ती सूचना बाजूला ठेवली.

पास्त्याचा भाव मात्र वाढवला, २८० वरून २९५. तो यादीतला सगळ्यात स्वस्त पदार्थ होता आणि २९५ लाही तोच सगळ्यात स्वस्त राहतो, कारण पुढचा बर्गर ३०० आहे. स्वस्तातलं शोधणाऱ्याला यादीत आणखी खाली जागाच नाही. नवीन मार्जिन २३३, म्हणून ३०० पैकी १९ प्लेटी गेल्या तरी चालण्यासारखं होतं. लझान्याला हात लावला नाही. तो खपाच्या रेघेच्या दहाच प्लेटी वर होता, तेव्हा त्याला बैल म्हणणंही घाईचं होतं.

नूडल्स काढण्याआधीचा हिशोब

पडेल पदार्थ काढण्यात फार विचार लागत नाही असं वाटतं, पण तिथेच थोडं थांबावं. नूडल्स ७० प्लेटींतून १३,६५० देत होते. इतर सात पदार्थांची सरासरी २३६. नूडल्स गेल्यावर ७० पैकी किमान ५८ जणांनी दुसरं काहीतरी मागवलं तरच तोटा होत नाही. बाराहून जास्त जण दार बंद करून गेले, किंवा त्यांच्याबरोबरचं टेबलच गेलं, तर पदार्थ काढून उलट नुकसान.

म्हणून नूडल्स असलेली बिलं वेगळी काढून पाहिली. एका टेबलावर सगळ्यांचं जुळत नाही म्हणून एकाने घेतलेला हा पदार्थ असता, तर तो मोठ्या टेबलांच्या बिलांवर इतर जेवणासोबत सतत दिसला असता आणि तो ठेवावा लागला असता. तसं नव्हतं. ही बिलं एकट्या-दुकट्या गिऱ्हाइकांची होती आणि त्याच लोकांच्या इतर भेटींत चिकन किंवा मासाही होता. भाव वाढवून वाचवायचं म्हटलं तर सरासरीला पोचायला ४४० करावे लागले असते, म्हणजे चिकनपेक्षाही जास्त. शिवाय कोळंबी आणि नूडल्स हे दोन्ही जिन्नस दुसऱ्या कुठल्याच पदार्थात जात नव्हते, त्यामुळे पदार्थ गेला की साठ्यातल्या दोन ओळी जातात. नूडल्स काढले. मश्रूम रिसोटोसारखा ज्याचा माल इतरत्रही वापरला जातो असा पदार्थ असता, तर काढून साठ्यात एवढं हलकं वाटलं नसतं.

पुढचे २८ दिवस

बर्गर ३६६, चिकन ३१८, पास्ता २८६, मासा १७४, स्टू १५६, रिसोटो १४६ आणि लझान्या १४२. एकूण प्लेटी १,५८८, म्हणजे बारा कमी. एकूण मार्जिन ३,८९,८४०, म्हणजे १४,८४० जास्त. फेकलेल्या स्टूच्या प्लेटी १४ वरून ५ वर आल्या.

ही वाढ कुठून आली ते वेगळं केल्याशिवाय पुढचा निर्णय घेता येत नाही. बारा प्लेटी कमी झाल्याने जुन्या सरासरीप्रमाणे सुमारे २,८१० गेले. बर्गरची प्लेट आणि पास्त्याचा भाव मिळून ८,६८० आले. उरलेले ८,९७० नुसत्या सेल्स मिक्समधून आले, म्हणजे त्याच गिऱ्हाइकांनी वेगळं निवडल्यामुळे. त्यात रिसोटो आणि स्टूचा वाटा मोठा. रिसोटोचा हिस्सा तर प्रचारावर एक पैसा न घालवता, फक्त तो रोज मिळायला लागल्याने आला. पास्ता १४ प्लेटींनी घटला आणि १९ च्या मर्यादेत राहिला.

मग नवीन आकड्यांवर परत चार चौकोन काढले आणि मॅनेजर चक्रावला. पदार्थ सात झाल्याने खपाची रेघ १४० वरून १५९ वर गेली आणि मार्जिनची रेघ २४५.५ वर. लझान्या आता दोन्हीकडे खाली. पडेल! त्याचा भाव तोच, खर्च तोच, विक्री फक्त आठ प्लेटींनी कमी. स्टू आणि रिसोटो खप वाढूनही परत कोडी. या पद्धतीतलं मोजमाप सापेक्ष आहे, हे इथे उघडं पडतं. सरासरीच्या खाली कोणीतरी असणारच, आणि दर वेळी खालचा कापत गेलं तर शेवटी एकच पदार्थ उरेल. म्हणून चौकोनाचं नाव न पाहता नूडल्सला लावलेलीच कसोटी लझान्याला लावली. तो ३०,५३० देतो आणि इतरांची सरासरी २४८.५. काढला तर १४२ पैकी १२३ जणांनी थांबून दुसरं काही मागवायला हवं. बिलं पाहिली तर लझान्या मोठ्या टेबलांवर, बाकीच्यांच्या चिकन-स्टूसोबत येत होता. मांस न खाणारा एकजण त्या टेबलाची जागा ठरवत असेल, तर त्याच्या प्लेटसोबत चार प्लेटी जातात.

लझान्या राहिला आणि भाव ३६० केला. नवीन मार्जिन २३५ आहे, म्हणून चार आठवड्यांत १३० च्या खाली गेला तर भाव परत ३४० ला आणायचा असं कागदावर आधीच लिहून ठेवलं. या महिन्यात दुसरा कुठलाही बदल करायचा नाही, नाहीतर १३० चा आकडा आला तरी तो कशामुळे आला ते वाचता येणार नाही.